पक्षिनिरीक्षण, पक्षीनिरीक्षण की पक्षीनिरिक्षण? फलक छापण्यापूर्वी मत हवे आहे

खाडीकाठी_ऐरोली

नमस्कार. ऐरोलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेने येत्या हिवाळ्यात सदस्यांसाठी ठाणे खाडीच्या काठी सकाळचा एक कार्यक्रम ठरवला आहे. फ्लेमिंगो आणि इतर पाणपक्षी दाखवायला एक जाणकार येणार आहेत. फाटकावर लावायच्या फलकाचा मजकूर मी समितीच्या गटावर टाकला आणि तेथेच काम अडले. मी ‘पक्षीनिरीक्षण’ लिहिले होते. खजिनदारांनी ते ‘पक्षिनिरीक्षण’ केले, सेक्रेटरींनी ‘पक्षीनिरिक्षण’ केले, आणि एका सदस्याने ‘पक्षिनिरिक्षण’ असे लिहून खाली अंगठा दाखवला. चारही रूपे मोठ्याने वाचून पाहिली, तर माझ्या कानाला त्यांत काहीही फरक जाणवत नाही.

नुसते उत्तर नको, कारणही हवे आहे. आमचे सेक्रेटरी कारण पटल्याशिवाय एक वेलांटीसुद्धा हलू देणार नाहीत.

शब्दप्रेमी_पाचपाखाडी

खजिनदारांचे बरोबर आहे. समासात पहिला शब्द नेहमी ऱ्हस्वान्त होतो, हा सरळ नियम आहे. कवी, पण कविसंमेलन. शक्ती, पण शक्तिप्रदर्शन. त्याप्रमाणे पक्षी, पण पक्षिनिरीक्षण. फलकावर इतरत्र ‘खाडीकिनारा’ लिहिले असेल तर तेही बदलून ‘खाडिकिनारा’ करून घ्या, नाहीतर एकाच फलकावर दोन पद्धती दिसतील.

मुद्रितशोधक_नौपाडा

पाचपाखाडीकरांचे उत्तर बरोबर आहे, मात्र त्यांनी सांगितलेला नियम बरोबर नाही, आणि त्या नियमाने चालल्यास ‘खाडिकिनारा’ ही नवी चूक फलकावर जाईल. तेवढे कृपया करू नका.

ताई, तुमच्या शब्दात दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, म्हणूनच चार रूपे तयार झाली. ‘क्ष’ला पहिली वेलांटी की दुसरी, हा एक प्रश्न, आणि ‘र’ला पहिली की दुसरी, हा दुसरा. दोन्हींची कारणे निराळी असल्यामुळे एकाचे उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही. आज पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनविषयक नियम आज चालतात, त्यांतले चौदा १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. त्यांतील पाचव्या नियमाने असे ठरले की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले इकारान्त आणि उकारान्त शब्द मराठीत सुटे लिहिताना दीर्घान्त लिहायचे. त्यापूर्वीच्या छापील पुस्तकांत तुम्हांला ‘कवि’, ‘गति’, ‘बुद्धि’ असे दिसेल. आता आपण कवी, गती, बुद्धी लिहितो. परंतु याच नियमाचा पुढचा भाग असे सांगतो की हा शब्द समासात पहिला आला, तर तो संस्कृतात मुळात जसा होता तसाच ठेवायचा. मुळात ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व, मुळात दीर्घ असेल तर दीर्घ.

म्हणजे हा नियम ऱ्हस्व करण्याचा नाही, मूळ रूप राखण्याचा आहे. कवी मुळात ‘कवि’, म्हणून कविसंमेलन. नदी मुळातच दीर्घ, म्हणून नदीकाठ आणि नदीपात्र. ‘खाडी’ हा तर मराठी शब्द; त्याला परत जायला संस्कृतातले ऱ्हस्व घरच नाही, म्हणून खाडीकिनारा, आणि त्याच न्यायाने पाणीपुरवठा.

‘पक्षी’ थोडा फसवा आहे. संस्कृतात मूळ शब्द ‘पक्षिन्’ असा नकारान्त आहे आणि ‘पक्षी’ हे त्याचे प्रथमेचे एकवचन आहे. समासात ‘न्’ गळतो आणि ‘पक्षि’ उरतो. मंत्री, प्राणी, योगी, विद्यार्थी, स्वामी हे सगळे याच जातीचे शब्द आहेत, म्हणून मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय, योगिराज, विद्यार्थिमंडळ. तेव्हा पक्षिनिरीक्षण.

शब्दप्रेमी_पाचपाखाडी

खाडीचे मान्य. पण मग माझ्यासारख्याने करायचे काय? शाळेत मी संस्कृत घेतले नव्हते. समोर ईकारान्त शब्द आला की तो मुळात ऱ्हस्व होता की दीर्घ, की मुळात संस्कृत नव्हताच, हे मला कोण सांगणार? ‘नेहमी ऱ्हस्व’ हा माझा नियम चुकीचा असेल, पण तो वापरता तरी येत होता.

मुद्रितशोधक_नौपाडा

प्रश्न रास्त आहे. छापखान्यात आम्ही जी युक्ती वापरत असू ती सांगतो. त्या शब्दाला ‘त्व’, ‘मान’ किंवा ‘नी’ लावून तयार झालेला, रोजच्या वापरातला एखादा शब्द आठवायचा. कवीवरून कवित्व, शक्तीवरून शक्तिमान, बुद्धीवरून बुद्धिमान, स्वामीवरून स्वामित्व आणि स्वामिनी, विद्यार्थीवरून विद्यार्थिनी, पक्षीवरून पक्षिणी. या सर्वांत आतला इकार ऱ्हस्व आहे, म्हणून समासातही तो ऱ्हस्वच राहणार. उलट स्त्रीवरून स्त्रीत्व आणि श्रीवरून श्रीमान होते. तेथे तो दीर्घ आहे, म्हणून स्त्रीरोग, स्त्रीशिक्षण.

या युक्तीची मर्यादाही सांगून ठेवतो. ‘खाडीत्व’ असे कोणी म्हणत नाही, यावरून तो मराठी शब्द असावा असा अंदाज बांधता येतो. पण ‘नदीत्व’ही आपण म्हणत नाही आणि नदी तर संस्कृत आहे. तेव्हा असा जोडशब्द आठवला तर निर्णय होतो, आठवला नाही तर कोश उघडावा लागतो. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशाचा येथे अनपेक्षित उपयोग होतो. तो आजच्या नियमांच्या फार आधीचा असल्यामुळे त्यात ‘गति’, ‘बुद्धि’, ‘कवि’ असे ऱ्हस्वान्तच छापलेले आहे, म्हणजे मूळ रूप आयते हाती लागते. मात्र ‘पक्षी’, ‘मंत्री’ या जातीचे शब्द त्यातही दीर्घान्तच सापडतील, कारण कोशकाराने प्रथमेचे रूप घेतले आहे. तेथे पुन्हा ‘विद्यार्थिनी’वाली परीक्षाच कामाला येते.

भरतीची_तयारी_कळवा

सर, मी सरळसेवा भरतीची तयारी करतो आहे आणि मला या धाग्याची फारच गरज होती. आमच्या सराव परीक्षेत ‘शुद्ध शब्द ओळखा’ या प्रश्नाला विद्यार्थीनी, विद्यार्थिनी, विध्यार्थिनी आणि विद्यार्थिनि असे चार पर्याय होते. मी ‘विद्यार्थिनी’ निवडले आणि गुण मिळाला. पण मी तुमची पद्धत वापरली नव्हती. आम्हांला असे शिकवले आहे की शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरातला इकार किंवा उकार ऱ्हस्व लिहायचा. शेवटी ‘नी’ दीर्घ, म्हणून आधीचे ‘र्थि’ ऱ्हस्व. हीच रीत सगळीकडे चालवली तर चालेल ना? लक्षात ठेवायला ती सोपी आहे.

मुद्रितशोधक_नौपाडा

चालणार नाही, आणि प्रश्नपत्रिका काढणारा नेमका याच ठिकाणी तुमची वाट पाहत बसलेला असतो.

तुम्ही सांगता तो उपान्त्य अक्षराचा नियम मराठी शब्दांचा आहे. किडा, विळी, पाहुणा, चुना, हे त्याचे शब्द. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्यातून वगळलेले आहेत. ते आपले मूळचे ऱ्हस्व-दीर्घ सोडत नाहीत. म्हणून पूजा, क्रीडा, गीता. आता तुमची रीत ‘परीक्षा’ या शब्दाला लावून पाहा. शेवटी ‘क्षा’ दीर्घ, म्हणून आधीचा ‘रि’ ऱ्हस्व, म्हणून ‘परिक्षा’. हा पर्याय तुम्हांला प्रत्येक प्रश्नसंचात भेटेल. ‘विद्यार्थिनी’च्या बाबतीत तुमचे उत्तर बरोबर आले ते केवळ दोन्ही वाटा तेथे योगायोगाने एकत्र आल्या म्हणून.

आणि यातूनच ऐरोलीच्या ताईंचा दुसरा प्रश्न सुटतो. ‘ईक्ष्’ या संस्कृत धातूचा अर्थ पाहणे. तो मुळातच दीर्घ आहे. परि आणि ईक्षा मिळून परीक्षा. ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई यांची संधी होऊन ‘री’ दीर्घच होणार. प्रति आणि ईक्षा मिळून प्रतीक्षा, अधि आणि ईक्षक मिळून अधीक्षक. समीक्षेत आणि निरीक्षणात तर तेवढीही संधी नाही: सम् मधला ‘म्’ आणि निर् मधला ‘र्’ सरळ पुढच्या ‘ई’ला जाऊन चिकटतो, म्हणून ‘मी’ आणि ‘री’. सेक्रेटरींना एवढेच सांगा की या सर्व शब्दांत कोणी ना कोणी काहीतरी पाहते आहे. परीक्षेत पारखून पाहतात, समीक्षेत बारकाईने पाहतात, प्रतीक्षेत वाट पाहतात, अधीक्षक कामावर देखरेख पाहतो, आणि तुमच्या खाडीवर पक्षी पाहायचे आहेत. जेथे पाहणे आहे तेथे ‘क्ष’च्या आधी ऱ्हस्व इकार येणार नाही.

लोक ‘परिक्षा’ का लिहितात, तेही समजण्यासारखे आहे. परिचय, परिणाम, परिसर, परिषद या शब्दांत ‘परि’ हा उपसर्ग जसाच्या तसा ऱ्हस्व राहतो, कारण त्याच्यापुढे व्यंजन आहे. डोळ्यांना ‘परि’ची सवय होते आणि हात तेच लिहितो.

भरतीची_तयारी_कळवा

मग ‘प्रशिक्षण’ दीर्घ का नाही? माझ्या वहीत निरीक्षण, सर्वेक्षण, प्रशिक्षण असे तिन्ही एका ओळीत लिहिलेले आहेत आणि पुढे ‘क्षण शेवटी आला तर दीर्घ’ असा शेरा आहे. आणि आणखी एक शंका: गरीब, पण गरिबाला, वकील, पण वकिलांना, त्याप्रमाणे परीक्षा, पण ‘परिक्षेला’ होईल का?

मुद्रितशोधक_नौपाडा

वहीतला तो शेरा आजच खोडा. प्रशिक्षणात ‘ईक्ष्’ नाहीच. तेथे ‘शिक्ष्’ हा वेगळा धातू आहे, त्यात ‘शि’ मुळातच ऱ्हस्व आहे, आणि त्याच्यापुढे फक्त ‘प्र’ लागला आहे. शिक्षक, शिक्षा, शिक्षण आणि प्रशिक्षण हे एक कुटुंब. भिक्षा आणि भिक्षुक यांचाही धातू वेगळा, तोही ऱ्हस्व. शब्दातून उपसर्ग काढून टाकला की काय उरते ते पाहावे: ‘प्रशिक्षण’मधून ‘प्र’ काढल्यावर ‘शिक्षण’ हा पुरता शब्द उरतो, तर ‘निरीक्षण’मधून ‘निर्’ काढल्यावर ‘ईक्षण’ उरते. सर्वेक्षणात मात्र ‘ईक्षण’ आहेच. ‘सर्व’मधल्या अकाराशी मिळून त्याचा ‘ए’ झाला आहे, अपेक्षा आणि उपेक्षा यांतही तसाच. त्यामुळे तेथे ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न उरतच नाही. ‘दीक्षा’ हा शब्द यांपैकी कोणाचाही नव्हे, आणि तो दीर्घ आहे. तो तेवढा पाठ करा.

‘परिक्षेला’ होणार नाही. विभक्तीचा प्रत्यय लागताना उपान्त्य दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते ते मराठी आणि मराठीत रुळलेल्या शब्दांचे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द येथेही अडून बसतात: शरीर आणि शरीरात, गीत आणि गीताला, परीक्षा आणि परीक्षेला.

घणसोलीकर

मला वाटते, मूळ प्रश्न शब्दाच्या निवडीचा आहे. ‘निरीक्षण’ हा शब्द शाळेच्या प्रयोगवहीतला वाटतो. तुमच्याकडे येणारे जाणकार पक्षी मोजणारही असतील, तर ‘पक्षांची गणना’ असे सरळ लिहा. लोकांनाही लगेच कळेल.

खाडीकाठी_ऐरोली

गणना करायची नाही, फक्त पाहायचे आहे, त्यामुळे शब्द तोच राहील. माझा प्रश्न त्याच्या लेखनाचा होता. शिवाय तुमचे ‘पक्षांची गणना’ फलकावर गेले तर लोक मतदार ओळखपत्र घेऊन येतील.

मुद्रितशोधक_नौपाडा

ताईंनी थट्टेत जे सांगितले तेच व्याकरण आहे. ‘पक्ष’चे अनेकवचनी रूप पक्षांना, पक्षांची, ‘पक्षी’चे पक्ष्यांना, पक्ष्यांची. बऱ्याच ईकारान्त पुल्लिंगी शब्दांच्या सामान्यरूपात ‘या’ येतो, जसे प्राणी आणि प्राण्यांना. वर्तमानपत्रांतही हा ‘य’ अनेकदा गळतो, आणि ‘स्थलांतरित पक्षांचे आगमन’ अशी बातमी निवडणुकीच्या तोंडावर छापली जाते तेव्हा ती भलतीकडेच रोखलेली वाटते.

फ्लेक्सवाला_वागळे

मी वागळे इस्टेटमध्ये फलक छापतो, म्हणून माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या मजकुरात सर्वांत जास्त वेळा बिघडलेला शब्द म्हणजे ‘आशीर्वाद’. ‘आशिर्वाद’ तर येतोच, पण ‘आर्शीवाद’ त्याहून जास्त येतो. मी दुरुस्त करून नमुना पाठवला की गिऱ्हाईक म्हणते, आम्ही दिले तसेच ठेवा, नेते चिडतील. लग्नाच्या एका कामात ‘पाणीग्रहण’ आले होते. मी विचारले, तर उत्तर आले की पाणी दीर्घच असते ना.

माझा प्रश्न असा की दोन शब्दांत जागा सोडून ‘पक्षी निरीक्षण’ असे छापले तर सगळे भांडणच मिटत नाही का? आम्ही बहुधा तसेच करतो. सुटा शब्द म्हणजे दीर्घ, आणि कोणाची तक्रारही येत नाही.

मुद्रितशोधक_नौपाडा

‘पाणीग्रहण’ म्हणजे नवरदेवाने पाण्याचा पेला हाती घेतला. ‘पाणि’ म्हणजे हात, तो मुळात ऱ्हस्व, म्हणून पाणिग्रहण. ‘आशीर्वाद’चे म्हणाल तर ‘आशिस्’ हा मूळ शब्द पुढे ‘वाद’ आल्यावर ‘आशीर्’ होतो, म्हणून ‘शी’ दीर्घ आणि रफार ‘वा’वर. रफार ‘शी’वर चढवणाऱ्यांना तो ‘र्’ मधे कोठेतरी आहे एवढेच आठवत असते.

जागा सोडण्याबद्दल: तक्रार येत नाही हे खरे, पण मराठीत सामासिक शब्द जोडून लिहायचा असतो. ‘मंत्री मंडळ’ असे तोडून लिहिलेले तुम्हांलाही खटकेल. तोडल्यामुळे चूक नाहीशी होत नाही, केवळ दिसेनाशी होते. वेलांटीचा घोळ टाळायचाच असेल तर ‘पक्ष्यांचे निरीक्षण’ लिहावे. ते निर्दोष आहे.

नाना_सानपाडा

सगळे वाचले. आता विरुद्ध बाजू मांडतो. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत मराठी शिकवले आहे. ताईंनी पहिल्याच संदेशात लिहिले की चारही रूपे ऐकायला सारखीच वाटतात, आणि ते अगदी खरे आहे. जे कानाला ऐकू येत नाही, ते ठरवण्यासाठी मराठी मुलाने संस्कृतातला नकारान्त शब्द आणि त्याचा गळणारा ‘न्’ माहीत करून घ्यावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. ‘पक्षी’ हा शब्द आता मराठी झाला आहे. तो सुटा दीर्घ लिहायचे आपणच ठरवले, मग समासातही तो दीर्घच राहू द्यावा. १९६२ साली ‘कवि’चे ‘कवी’ करता आले, तर आज ‘कविसंमेलन’चे ‘कवीसंमेलन’ का करता येऊ नये? अर्थाचा घोळ होईल असे म्हणाल, तर पत्रिकेवर छापलेले ‘पाणीग्रहण’ वाचून कोणीही घागर घेऊन येत नाही.

मुद्रितशोधक_नौपाडा

नाना, तुमचे म्हणणे नवे नाही आणि निराधारही नाही. अनेक भाषाभ्यासकांनी ते मांडलेले आहे. सुटा एक आणि समासात दुसरा, ही दुहेरी व्यवस्था पाचव्या नियमानेच निर्माण केली, हेही मला मान्य आहे. जुन्या लेखनात ‘कवि’ सुटाही ऱ्हस्व होता आणि ‘कविसंमेलन’ही ऱ्हस्व, तेथे मुलाला एकच रूप लक्षात ठेवावे लागे. पण फलक आज छापायचा आहे आणि कळव्याच्या मुलाची परीक्षा आजच्या नियमांवर आहे. नियम बदलेपर्यंत मी ‘पक्षि’च लिहीन.

तुमच्या एका वाक्याशी मात्र मी असहमत आहे. कान अगदीच बहिरा नाही. ‘पक्षिणी’ म्हणताना जीभ ‘क्षि’वर रेंगाळत नाही, आणि ‘स्त्रीत्व’ म्हणताना ‘स्त्री’वर रेंगाळते. लांब समासात तो फरक विरून जातो एवढेच.

नाना_सानपाडा

जीभ रेंगाळते ती शुद्धलेखन आधी माहीत असलेल्याची. दुसरीतल्या मुलाकडून म्हणवून पाहा. असो, येथे आपले एकमत होणार नाही.

शब्दप्रेमी_पाचपाखाडी

मला एक अडचण अजून आहे. दुसरा शब्द संस्कृत नसेल तर काय? मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय हे सगळे दोन्ही बाजूंनी संस्कृत वळणाचे शब्द झाले. पण ऐरोलीच्या समितीने उद्या ‘पक्षी’पुढे ‘वॉक’ जोडला, तर तो ‘पक्षिवॉक’ लिहायचा का? मला ते वाचवत नाही.

मुद्रितशोधक_नौपाडा

नियम फक्त पहिल्या शब्दाबद्दल बोलतो. दुसरा कोणत्या भाषेतला आहे याची अट त्यात नाही. फ्लेमिंगोला मराठीत ‘अग्निपंख’ म्हणतात, त्यात ‘पंख’ मराठी आहे, तरी ‘अग्नि’ ऱ्हस्वच आहे आणि तो कोणाला खटकत नाही. तेव्हा अक्षरशः पाहिले तर ‘पक्षिवॉक’ होईल. मात्र असा शब्द मी स्वतः लिहिणार नाही. ‘पक्षी पाहण्याची फेरी’ लिहीन.

शब्दप्रेमी_पाचपाखाडी

‘अग्निपंख’ लहानपणापासून डोळ्यांसमोर आहे म्हणून खटकत नाही. इंग्रजी शब्दापुढे संस्कृतातले मूळ रूप आणून बसवणे मला अजूनही पटलेले नाही. अशा ठिकाणी मी दीर्घच लिहीन आणि मध्ये संयोगचिन्ह देईन: पक्षी-वॉक.

भरतीची_तयारी_कळवा

सर, एका शब्दाबद्दल खात्री करून घेतो. ‘वसतिगृह’ की ‘वसतीगृह’? मी राहतो त्या इमारतीच्या पाटीवर दीर्घ आहे. तुमच्या युक्तीने पाहिले तर ‘वसति’ला ‘त्व’ लावून काही आठवत नाही.

मुद्रितशोधक_नौपाडा

वसतिगृह. युक्ती अडली की कोश, हे मागे सांगितलेच आहे. ‘वसति’ हा मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्वान्त आहे. ‘ति’ने शेवट होणारी बरीचशी संस्कृत नामे, जसे गती, मती, भक्ती, शक्ती, स्मृती, मुळात ऱ्हस्वान्तच असतात, एवढे लक्षात ठेवलेत तर गतिरोधक, भक्तिगीत, स्मृतिदिन आणि वसतिगृह यांचे बहुतेक पर्याय सुटतील. ‘सती’ मात्र या यादीत घालू नका, कारण तेथे ‘ती’ हा स्त्रीलिंगाचा प्रत्यय धरून आलेला आहे आणि तो दीर्घ राहतो; ‘सतीत्व’ म्हणून पाहा.

खाडीकाठी_ऐरोली

सर्वांचे आभार. सेक्रेटरींना ‘कोणी ना कोणी काहीतरी पाहते आहे’ हे कारण पटले आणि ‘री’ दीर्घ झाला. ‘क्षि’साठी मी त्यांना ‘मंत्रिमंडळ’ लिहून दाखवायला सांगितले. त्यांनी ते पहिल्या वेलांटीनेच लिहिले आणि मग वाद घालणे त्यांना अवघड झाले. आता ओळ अशी ठरली आहे: ‘खाडीकिनारी पक्षिनिरीक्षण – अग्निपंख आणि इतर पाणपक्षी’.

एकच गोष्ट राहिली. येणारे जाणकार ज्या मंडळाचे आहेत, त्या मंडळाच्या नावात ‘पक्षीमित्र’ असे दीर्घ आहे. आभाराच्या ओळीत ते नाव आहे तसे ठेवायचे की ‘पक्षिमित्र’ करायचे?

मुद्रितशोधक_नौपाडा

संस्थेचे नाव तिने नोंदवले तसे छापावे. विशेषनाम दुरुस्त करणे हे मुद्रितशोधकाचे काम नव्हे. ‘विष्णु’ अशी सही करणाऱ्याला आपण ‘विष्णू’ करत नाही, तसेच हे.

शब्दप्रेमी_पाचपाखाडी

पण मग एकाच फलकावर वर ‘पक्षि’ आणि खाली ‘पक्षी’ दिसेल, आणि वाचणाऱ्याला वरचाच शब्द चुकलेला वाटेल. मी तर त्या मंडळाला फोन करून विचारले असते.

नाना_सानपाडा

मंडळाने दीर्घ लिहिले आहे, यात मला आनंद आहे.

फ्लेक्सवाला_वागळे

ताई, फलक कोठूनही छापा, पण मजकूर कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवू नका. टंकलेला मजकूर पाठवा. फोटोवरून आम्ही पुन्हा टंकतो, आणि तेथेच वेलांटी उलटते. नमुना आला की मोठा करून ‘पक्षिनिरीक्षण’मधल्या तीन वेलांट्या ओळीने तपासा: ‘क्षि’ला पहिली, ‘नि’ला पहिली, ‘री’ला दुसरी. ‘क्ष’ची पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडून उभी राहते, त्यामुळे काही अक्षरठशांत ती मागच्या ‘प’ला चिकटलेली दिसते आणि घाईत कोणीतरी ती काढून दुसरी देऊन टाकते. तसे दिसले तर अक्षरांतले अंतर थोडे वाढवायला सांगा, वेलांटी बदलू देऊ नका.